पाचव्या रकान्यातलं ‘माहीत नाही’

अर्जाच्या त्या चौकटीत तीनशे शब्द मावत होते. एक शब्द जास्त झाला की खाली लाल अक्षरं उमटायची. प्रश्न साधा होता: तुम्ही कामाचं क्षेत्र का बदलू इच्छिता आणि या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकायचा तुमचा विचार आहे, ते एका परिच्छेदात सांगा. मी मेकॅनिकल इंजिनिअर. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांसाठी रबराचे सील बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात होते, आणि नोकरी कायम झाली होती. अर्ज मात्र सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा होता, राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. पण रबर सोडून आरोग्याकडे का, हे त्या तीनशे शब्दांत पटवायचं होतं. पटलं तर मुलाखतीला बोलावणार, नाही तर तिथंच संपलं.

मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम आहे.

आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं उत्तर मी लिहायची. त्याची एक पद्धत असते. चुकीचा माल गेला, का गेला? त्याचं उत्तर लिहायचं. मग त्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचं. असं पाचदा. पाच रकाने एकाखाली एक, आणि पाचव्यात जे येईल ते मूळ कारण. त्यापुढं उपाय, जबाबदार व्यक्ती, तारीख. एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही. मोकळा ठेवला तर ग्राहक कागद परत पाठवतो आणि साहेबांना फोन येतो. हे मी इतकं गिरवलं होतं की घरात दूध उतू गेलं तरी मनात पाच रकाने उघडायचे.

शिवाय मी शाळा शिकले गंगापूर तालुक्यातल्या गावात, पुढं मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहिले. बाबा गवंडीकाम करतात, आई त्यांच्याच हाताखाली. घरात पदवी घेणारी मी पहिली. मोठ्या माणसानं विचारलं आणि उत्तर आलं नाही, हा प्रसंग आमच्यासाठी फार वाईट. वर्गात उभं केल्यावर जे काही सुचेल ते बोलायचं, गप्प राहायचं नाही, हे आम्हाला गुरुजींनी प्रेमानंच शिकवलं होतं. त्या सवयीनं मला पुष्कळ दिलं. कॉलेजच्या तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, सगळं त्यावरच निभावलं.

आता ज्या गोष्टीमुळं मला आरोग्याचा अभ्यास करावासा वाटला, ती सांगते.

सील तयार झाले की ते तपासणीच्या टेबलावर येतात. तिथं बायका बसतात, दिव्याखाली एकेक सील बोटावर फिरवतात. कुठं काप आहे का, फुगा आहे का, कडेला जास्तीचं रबर राहिलंय का, बघतात. एकदा काप असलेले सील ग्राहकाकडे गेले. तक्रार आली. मी पाच ‘का’ भरले आणि पाचव्यात सगळे लिहितात तेच लिहिलं: तपासणी करणाऱ्याचं दुर्लक्ष. उपाय: पुन्हा प्रशिक्षण. प्रशिक्षण दिलं. थोड्या दिवसांनी तसलीच तक्रार पुन्हा आली.

तेव्हा मी टेबलाशी जाऊन बसले. सगळ्यांत जुन्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. मुकुंदवाडीत माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर त्या राहायच्या, कंपनीच्या गाडीत माझ्या शेजारी बसायच्या. मी बघितलं, मावशी सील डोळ्यांजवळ न आणता हात लांब करून बघत होत्या.

‘‘मावशी, असं लांबून दिसतं का?’’

‘‘लांबूनच दिसतं बाई. जवळ आणलं की धूर होतो.’’

टेबलावरच्या बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या होत्या. मी साहेबांच्या मागं लागून कॅन्टीनमध्ये डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. जवळचं बघायचे चष्मे वाटले. तक्रारी थांबल्या. मालाचे सलग काही लॉट चांगले गेले आणि ग्राहकानं ती तक्रार बंद केली. साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मशीनपेक्षा माणसाच्या तब्येतीत आपल्याला जास्त रस आहे.

त्यावरच मी परिच्छेद लिहिला. अर्ज इंग्रजीत होता, पण आधी मराठीत लिहून मग उतरवायचा, ही माझी रीत. सुरुवातीला आईवडील, गुरुजी, वसतिगृहाच्या बाई आणि कंपनी यांचे आभार मानले. मग तक्रार, मूळ कारण दृष्टिदोष, उपाय चष्मे, परिणाम तक्रारी शून्य. शेवटी लिहिलं की या अभ्यासक्रमातले सर्व विषय मन लावून शिकेन आणि मराठवाड्यातल्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न सोडवीन. शब्द बरोबर बसले.

अर्जाला दोन शिफारसी लागत होत्या, एक कॉलेजमधल्या शिक्षकाची, एक नोकरीतल्या वरिष्ठाची. त्यांच्या ईमेलवर विद्यापीठाकडून शिफारस भरायची लिंक थेट जाणार होती. म्हणून परिच्छेद आधी साहेबांना दाखवला.

साहेबांनी कागद हातात घेतला, थोडा लांब धरला, मग माझ्याकडे परत दिला. ‘‘पुढच्या वेळी जरा मोठ्या अक्षरात काढत जा. तूच वाच.’’

मी वाचून दाखवलं. ते मान हलवत होते. ‘‘झकास. मूळ कारण आहे, उपाय आहे, क्लोजर आहे. फक्त शेवटी तारीख टाक. दोन वर्षं म्हणतेस ना, मग त्या महिन्याची टाक. टार्गेट डेट नसली की वाचणाऱ्याला गंभीर वाटत नाही.’’

मी खरंच तारीख टाकली.

दुसरी शिफारस कॉलेजच्या मॅडमची. त्यांनी आम्हाला संख्याशास्त्र शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन सिडकोत राहतात. रविवारी गेले तेव्हा त्या गच्चीत पापड वाळत घालत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचला.

‘‘आभार काढून टाक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझे आभार मानायचे तर घरी ये, चहा पी. विद्यापीठानं तुझ्यावर अजून कुठले उपकार केलेत?’’

मी हसले.

‘‘आता सांग, तुला शिकायचं कशाला आहे?’’

‘‘मॅडम, लिहिलंय ना. कामगारांचं आरोग्य...’’

‘‘अगं, पण हे वाचून तर मला वाटतं की तुझं सगळं झालंय. आजार सापडला, औषध दिलं, रोगी बरा झाला, वर तारीखही टाकली आहेस. इतकं येणाऱ्या मुलीला दोन वर्षं वर्गात बसवून काय शिकवायचं?’’ मग त्यांनी पेन घेतलं. ‘‘चष्म्यामुळंच तक्रारी थांबल्या, हे कशावरून?’’

‘‘चष्मे दिल्यावर थांबल्या.’’

‘‘त्याच सुमारास दुसरं काही बदललं होतं?’’

मी आठवून बघितलं. ‘‘टेबलावरचे दिवे बदलले होते. भिंगाचे नवीन दिवे आले होते, त्याच आठवड्यात.’’

‘‘मग दिव्यांमुळं की चष्म्यांमुळं?’’

मॅडमनी कागदाच्या कडेला ‘दिवे’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

‘‘बायका चष्मे वापरतात अजून?’’

हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नव्हता, स्वतःलासुद्धा नाही. कारण मला उत्तर माहीत होतं. शिबिरानंतर थोड्या महिन्यांतच चष्मे डब्याच्या पिशव्यांत गेले होते. मावशींचा तर पिशवीत कुंकवाच्या डबीशेजारी, कापडात नीट गुंडाळलेला.

‘‘नाही वापरत,’’ मी म्हणाले.

‘‘का?’’

‘‘माहीत नाही मॅडम.’’

‘‘हे कुठं लिहिलंयस?’’

‘‘माहीत नाही, असं अर्जात कसं लिहायचं?’’ माझा आवाजच चढला. ‘‘आपल्याला प्रवेश पाहिजे अन् आपणच सांगायचं की येत नाही?’’

मॅडम पापडांकडे बघत म्हणाल्या, ‘‘नोकरी मागायला गेलीस तर येतं ते सांगायचं. शिकायला चाललीस तर काय येत नाही ते नेमकं सांगायचं. नुसतं येत नाही म्हणालीस तर आळशी दिसशील. नेमकं कुठं अडलंय, तिथपर्यंत कशी पोचलीस, आणि त्यांच्या कुठल्या विषयानं ती गाठ सुटेल असं तुला वाटतं, एवढं लिही. क्षेत्र का बदलतेस, याचं उत्तर त्यातच येईल.’’

परत येताना एका चौकात रिक्षा सिग्नलला थांबली आणि मी कागदावरची तारीख खोडली. बरं वाटलं, पण भीतीही वाटली. पाचवा रकाना आयुष्यात पहिल्यांदा मोकळा ठेवायचा होता, तोही इतक्या मोठ्या लोकांपुढं.

दुसऱ्या दिवशी गाडीत मावशींना विचारलं.

‘‘मावशी, तुम्ही चष्मा का लावत नाही हो?’’

‘‘लावते की. घरी लावते. तांदूळ निवडताना, सुईत दोरा घालताना. लई बेस हाय.’’

‘‘मग टेबलावर?’’

‘‘इथं नाय.’’

‘‘का?’’

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘‘पोरी म्हणतात, आजी आल्या, आजीला जागा द्या.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘तसं काय पोरी वाईट नायत. गंमत करतात. अन् सुपरवायझर बघतो ना. त्याला वाटायचं, हिची नजर गेली, टाका पॅकिंगला.’’ आणि अजून थोड्या वेळानं, ‘‘तसं त्यानं कुणाला टाकलं नाय म्हणा. काय माहीत बाई. हात जात नाय तिकडं.’’

मी त्यांना अर्जाचं सांगितलं. तुमचं नाव न घालता हे लिहू का, विचारलं.

‘‘लिही की. पण म्हातारी लिहू नको.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘अनुभवी लिही.’’ पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, ‘‘अनुभवी आजी लिही गं!’’ आणि सगळी गाडी हसली. मावशींनी तिच्या पाठीत पिशवी हाणली. पिशवीत चष्मा होता, तो फुटला नाही ना, हे मात्र लगेच उघडून बघितलं.

नवीन परिच्छेद लिहायला मला पूर्ण आठवडा लागला. माहितीपत्रकातले विषय एकेक वाचले. आधी मी ‘सर्व विषय’ असं लिहिलं होतं, कारण एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याला राग येईल, असं काहीसं डोक्यात होतं. आता माझा प्रश्न समोर ठेवून कुठला विषय कशासाठी, हे लिहिलं. शेवटी तयार झालं ते मराठीत साधारण असं होतं:

‘मी रबराचे सील बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता अभियंता आहे. सदोष माल ग्राहकाकडे जाण्याचं कारण मी तपासणी करणाऱ्या स्त्रियांचं दुर्लक्ष असं नोंदवलं होतं. त्यांच्याजवळ बसल्यावर लक्षात आलं की अनेकींना जवळचं स्पष्ट दिसत नाही. आम्ही चष्मे दिले आणि त्याच आठवड्यात दिवेही बदलले. तक्रारी थांबल्या, पण कशामुळं, हे मी सांगू शकत नाही. काही महिन्यांत अनेकींनी कामावर चष्मा लावणं सोडलं. त्यांतली एक अनुभवी सहकारी तोच चष्मा घरी रोज लावते. थट्टा, काम बदललं जाण्याची भीती, सवय, अशी कारणं मी ऐकली आहेत, पण त्यांपैकी खरं कोणतं आणि किती, हे शोधण्याची पद्धत मला येत नाही. अभियांत्रिकीनं मला सीलमधला दोष मोजायला शिकवलं. या प्रश्नासाठी ते पुरत नाही, म्हणून मी क्षेत्र बदलू इच्छिते. पहिल्या वर्षी साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकीतून दोन उपायांचे परिणाम वेगळे कसे करायचे ते मला शिकायचं आहे. सामाजिक व वर्तनशास्त्र आणि गुणात्मक संशोधनातून लोकांना त्यांचं कारण कसं विचारायचं ते शिकायचं आहे. व्यावसायिक आरोग्य हा ऐच्छिक विषय मी घेईन. दुसऱ्या वर्षीचा प्रबंध कारखान्यांतल्या स्त्रियांच्या जवळच्या दृष्टीवर, शक्यतो माझ्याच भागात, करण्याचा विचार आहे. पुढं मला औद्योगिक वसाहतींमध्ये कामगारांच्या आरोग्याचं काम करायचं आहे. सहा वर्षांचा कारखान्याचा अनुभव मी मागं टाकत नाही. प्रश्न मला तिथंच मिळाला.’

मॅडमनी फोनवर ऐकलं आणि ‘‘आता शिफारस लिहिते,’’ एवढंच म्हणाल्या. राहिले साहेब.

मोठ्या अक्षरात छापून त्यांच्याकडे नेलं. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘‘हे काय? आधीचं चांगलं होतं की.’’

‘‘साहेब, ते पूर्ण खरं नव्हतं.’’

‘‘खरं नव्हतं म्हणजे? तक्रार बंद झाली आहे. ग्राहकानं मान्य केलीये. तू त्यावर लिहितेस, कशामुळं थांबली सांगता येत नाही. अन् खाली शिफारस माझी.’’ त्यांनी कागद टेबलावर ठेवला. ‘‘उद्या कुणी वाचलं तर म्हणेल, यांच्या क्वालिटीवाल्यांनाच माहीत नाही.’’

मी उभीच होते. साहेब वाईट माणूस नव्हते. कॉलेजमधून आलेल्या मला त्यांनीच माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर कसा धरायचा इथपासून कंपनीत बोलायचं कसं इथपर्यंत शिकवलं होतं. त्यांची शिफारस आली नाही तर अर्ज अपुरा राहणार, आणि मुदत तीन दिवसांवर आली होती. आधीचा परिच्छेद माझ्या पिशवीत होता. तो काढून द्यावा, असं क्षणभर वाटलं.

‘‘साहेब, कंपनीचं नाव त्यात नाही. ग्राहकाचंही नाही. तक्रार परत आलेली नाही, हेही खरंच लिहिलंय,’’ मी म्हणाले. ‘‘पण चष्मे पिशवीत आहेत, हे तुम्हाला पण माहीत आहे.’’

साहेबांनी कागद पुन्हा उचलला, सवयीनं लांब धरला. अक्षरं मोठी होती तरीही. मग माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि कागद हळूच खाली केला.

‘‘माझा कुठं आहे, तेही माहीत असेल तुला,’’ ते म्हणाले.

‘‘नाही साहेब.’’

त्यांनी ड्रॉवर उघडला. पेनं, स्टेपलर, व्हिजिटिंग कार्डं, आणि खाली काळ्या डबीत चष्मा. ‘‘बायकोनं करून आणला. मीटिंगमध्ये लावत नाही.’’

‘‘का साहेब?’’ हे माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

‘‘अर्जात लिहायला पाहिजे का तुला?’’ ते एकदम हसले. ‘‘का म्हणजे... काय का. नाही लावत.’’ मग चष्मा लावला आणि पूर्ण परिच्छेद पहिल्यापासून, ओठ हलवत, वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘‘‘सदोष माल’ काढ. ‘त्रुटी राहिलेले भाग’ लिही. बाकी राहू दे.’’

त्यांची शिफारस मुदतीच्या आदल्या दिवशी गेली. त्यात काय लिहिलं होतं, ते विद्यापीठ आपल्याला दाखवत नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. ती ऑनलाइन होती. मी त्या दिवशी रजा टाकली आणि खोलीची खिडकी बंद केली, कारण मुकुंदवाडी स्टेशनवर गाडी आली की आमच्या गल्लीत काही ऐकू येत नाही. पडद्यावर तीन जण होते. मधल्या बाईंनी परिच्छेद समोर ठेवला होता.

‘‘तुम्हाला काय वाटतं,’’ त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘‘त्या स्त्रिया चष्मा का लावत नाहीत?’’

माझ्या जिभेवर उत्तर तयार झालं. वर्गात उभं केल्यावर व्हायचं तसंच, ठाम आणि गोल. ते मी गिळलं.

‘‘माझे काही अंदाज आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘पण मी त्यांच्या तपासणीचे आकडे ठेवणाऱ्या विभागातली आहे. मी विचारलं तर त्या मला एक सांगतील, घरी दुसरं. त्यामुळं माझ्या अंदाजांवर माझाच विश्वास नाही. कुणी विचारावं आणि कसं, इथपासून मला शिकायचं आहे.’’

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. त्यानंतर शेजारच्या सरांनी दिव्यांचं विचारलं, कुठले होते, आधी किती उजेड होता, आणि आम्ही चक्क दिव्यांवर बोलत बसलो. मुलाखत संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला भीती वाटत नव्हती.

प्रवेश मिळाल्याचं पत्र ईमेलवर आलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘बघ, अनुभवी लिहिलं म्हणून मिळालं.’’ साहेबांनी राजीनामा हातात घेतला आणि ड्रॉवर उघडून चष्मा काढला, तेव्हा मला हसू आवरेना. ‘‘हस, हस,’’ ते म्हणाले. ‘‘जाताना तुझी जागा भरून दे मला.’’

घरी फोन केला. बाबांना अर्जाचं माहीत होतं, पण त्यांना कायमची नोकरी सोडणं पटत नव्हतं. इतके दिवस ते ‘बघ बाई’ एवढंच म्हणायचे. प्रवेशाचं सांगितल्यावर त्यांनी आधी नोकरीचंच विचारलं.

‘‘कंपनीनं पुन्हा घेतलं नाही तर?’’

‘‘दुसरी बघेन बाबा.’’

‘‘शिकून काय होणार तू? डॉक्टर?’’

‘‘नाही. आजारी पडायच्या आधीचं काम असतं ते.’’ मग मी त्यांना सगळं सांगितलं, टेबल, दिवे, चष्मे, मावशी घरी लावतात आणि कामावर लावत नाहीत ते. पहिल्यांदाच इतकं सविस्तर. ते मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होते.

‘‘मग का नाय लावत त्या?’’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘‘माहीत नाही बाबा. तेच शिकायला चाललेय.’’

मला वाटलं, आता म्हणतील, एवढं शिकून तुला माहीत नाही? बाबांनी फोन बाजूला धरून आईला सांगितलेलं मला ऐकू आलं. ‘‘अगं, त्या कंपनीतल्या बायकांना चष्मे दिले तरी लावत नायत म्हणं. का लावत नायत ते हिला शोधायचंय. त्याच्यासाठी घेतलं तिला.’’

आईनं काहीतरी विचारलं.

‘‘कुणालाच माहीत नाय म्हणं अजून,’’ बाबा तिला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सरळ अभिमान होता.